सातपूरच्या लेथवरचा बॅक गिअर: फेरे देऊन टॉर्क घेण्याचा व्यवहार

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात संगणकावर चालणारी यंत्रे आता गल्लोगल्ली दिसतात. तरीही दुरुस्तीची आणि सुट्या नगांची कामे करणाऱ्या लहान वर्कशॉपमध्ये पट्ट्यावर चालणारा जुना लेथ अजून टिकून आहे. दोन शाफ्टांमध्ये वेग आणि टॉर्क यांची अदलाबदल कशी होते, हे समजून घ्यायला या लेथइतके चांगले यंत्र क्वचितच सापडेल. त्याच्या हेडस्टॉकमध्ये, म्हणजे जॉब फिरवणारी यंत्रणा असलेल्या टोकाच्या पेटीत, पुली आणि गिअर हे दोन्ही उपाय शेजारीशेजारी बसवलेले असतात, आणि पहिला कुठे अपुरा पडतो व दुसऱ्याची गरज कुठे लागते, ते डोळ्यांनी पाहता येते.

एक ठरावीक काम समोर ठेवू. दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतला ट्रॅक्टरमागचा फवारणीचा ब्लोअर दुरुस्तीला आला आहे, आणि त्यासाठी दोन नग टर्न करायचे आहेत: एक २५ मिलिमीटर व्यासाची पिन आणि एक २५० मिलिमीटर व्यासाची फ्लँज. दोन्ही नग साध्या माइल्ड स्टीलचे आहेत आणि टूल एचएसएसचे, म्हणजे हाय-स्पीड स्टीलचे, आहे. या जोडीसाठी कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर ठेवण्याची पद्धत आहे. हा वेग जॉबच्या पृष्ठभागाचा असतो. टूलच्या टोकासमोरून मिनिटाला ३० मीटर धातू सरकला पाहिजे, असा त्याचा अर्थ. वेग फार वाढवला तर टूलचे टोक तापून नरम पडते आणि काही क्षणांत त्याची धार जाते.

पिनचा परीघ साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर आहे, त्यामुळे ३० मीटर गाठायला तिला मिनिटाला सुमारे ३८० फेरे हवेत. फ्लँजचा परीघ दसपट, म्हणून तिला फक्त ३८ फेरे पुरेत. इथपर्यंतचे गणित प्रत्येक टर्नरच्या हाताला सवयीचे असते. त्याच्या पुढचा भाग मात्र पुष्कळदा नजरेतून निसटतो. दोन्ही नगांवर सारखाच कट घेतला, समजा दोन मिलिमीटर खोलीचा आणि फेऱ्यामागे पाव मिलिमीटर फीडचा, म्हणजे टूल तेवढे पुढे सरकण्याचा, तर टूलच्या टोकावर येणारा जोरही सारखाच असतो. माइल्ड स्टीलसाठी तो सुमारे ११०० न्यूटन, म्हणजे अंदाजे ११२ किलो वजनाएवढा, धरता येईल. जोर सारखा आणि पृष्ठभागाचा वेगही सारखा असल्यामुळे दोन्ही कामांना लागणारी शक्तीसुद्धा सारखीच येते: ११०० न्यूटन गुणिले सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ५५० वॅट.

टॉर्क मात्र सारखा नसतो. टॉर्क म्हणजे जोर गुणिले त्याचे अक्षापासूनचे अंतर. पाना जितका लांब, तितका हाताचा तोच जोर नटावर जास्त पीळ देतो. इथे उलट बाजूने, टूल जितके अक्षापासून दूर, तितका तोच कट स्पिंडलला, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या मुख्य शाफ्टला, जास्त अडवतो. पिनची त्रिज्या साडेबारा मिलिमीटर असल्याने तिच्यासाठी स्पिंडलला सुमारे १४ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो, तर फ्लँजची त्रिज्या १२५ मिलिमीटर असल्याने तिला सुमारे १३७ न्यूटन-मीटर लागतो. एकच मोटर, तेवढीच शक्ती, आणि एका कामाला दुसऱ्याच्या दसपट टॉर्क पण एक दशांश फेरे. लेथच्या हेडस्टॉकमधली सारी यंत्रणा याच एका गरजेसाठी उभी केलेली असते.

आता मोटरकडे पाहू. तीन फेजची, दोन हॉर्सपॉवरची, म्हणजे जवळपास दीड किलोवॅटची मोटर भारावर मिनिटाला १४४० च्या आसपास फेरे घेते. दीड किलोवॅटला या फेऱ्यांनी भागण्याची सोपी रीत अशी, की किलोवॅटला ९५५० ने गुणायचे आणि फेऱ्यांनी भागायचे; उत्तर न्यूटन-मीटरमध्ये मिळते. इथे ते सुमारे १० येते. मोटरच्या शाफ्टवर टॉर्क एवढाच असतो. पिनसाठीसुद्धा तो कमी पडतो, आणि फेरे मात्र गरजेच्या चौपट आहेत.

म्हणून पहिला टप्पा पुलीचा. मोटरवर ७५ मिलिमीटर व्यासाची पुली आणि वरच्या काउंटरशाफ्टवर, म्हणजे मोटर आणि स्पिंडल यांच्या मधल्या शाफ्टवर, ३०० मिलिमीटरची पुली बसवली आहे, आणि दोघींवरून व्ही-बेल्ट फिरतो. पट्टा घसरत नाही असे धरले, तर मोटरच्या पुलीच्या कडेवरून सेकंदाला जेवढ्या लांबीचा पट्टा जातो तेवढाच तो मोठ्या पुलीच्या कडेवरूनही जायला हवा, कारण पट्टा मध्येच साठत नाही आणि लांबतही नाही. ही लांबी सेकंदाला ५.६५ मीटर आहे. मोठ्या पुलीचा परीघ चौपट असल्याने तेवढ्या पट्ट्यात तिचा फेरा चौपट सावकाश होतो. १४४० चे ३६० झाले.

टॉर्कचे उत्तर पट्ट्याच्या ओढीत आहे. फिरत्या पट्ट्याची एक बाजू ताणलेली असते आणि दुसरी सैल. या दोन ताणांमधला फरक म्हणजे पट्ट्याची कामाची ओढ. हा फरक दोन्ही पुलींवर एकच असतो, कारण ताणलेली बाजू दोघींनाही तीच आहे आणि सैल बाजूही तीच. पूर्ण भाराला ही ओढ सुमारे २६५ न्यूटन असते. मोटरच्या पुलीवर ती साडेसदतीस मिलिमीटर त्रिज्येवर लागते आणि मोटरचे १० न्यूटन-मीटर तिथेच खर्च होतात. काउंटरशाफ्टवर तीच ओढ १५० मिलिमीटर त्रिज्येवर लागते आणि तिथे ४० न्यूटन-मीटर उभे राहतात. कडेचा वेग एक, ओढ एक, फक्त त्रिज्या वेगळी. फेरे चौथ्या हिश्शावर आले आणि टॉर्क चौपट झाला, ते एवढ्याच कारणाने. टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार, म्हणजे शक्ती, जिथल्या तिथे राहिली.

हाच व्यवहार उलट दिशेनेही होतो, आणि ज्या ब्लोअरसाठी हे नग बनत आहेत त्याच्यातच तो होतो. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेली यंत्रे चालवणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे देतो, पंख्याला त्याहून कितीतरी जास्त फेरे हवे असतात, आणि म्हणून ब्लोअरच्या गिअरबॉक्समध्ये मोठे चाक लहान चाकाला फिरवते. तिथे टॉर्क देऊन फेरे घेतले जातात.

लेथवर काउंटरशाफ्टपासून स्पिंडलपर्यंत दुसरा पट्टा असतो. तो चपटा असतो आणि पायऱ्यांच्या कोन पुलीवर चालतो. आपल्या उदाहरणात तीन पायऱ्या आहेत: काउंटरशाफ्टवर २२५, १८० आणि १३५ मिलिमीटरच्या, आणि स्पिंडलवर याच पायऱ्या उलट क्रमाने. समोरासमोरच्या पायऱ्यांच्या व्यासांची बेरीज प्रत्येक वेळी ३६० येते, आणि ती तशी मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकवला तरी त्याची लांबी जवळपास तेवढीच पुरते. या तीन पायऱ्यांवर स्पिंडलचे फेरे ६००, ३६० आणि २१६ होतात.

पिनचे काम मधल्या पायरीवर, ३६० फेऱ्यांवर, निर्धास्त होते. अडचण फ्लँजची आहे. पट्ट्यावरचा सर्वांत सावकाश वेग २१६ फेऱ्यांचा, आणि त्यावर फ्लँजच्या कडेचा वेग मिनिटाला १७० मीटरच्या घरात जातो. एचएसएसचे टूल तिथे टिकणार नाही. समजा वेगाची अडचण बाजूला ठेवली, तरी टॉर्कची राहतेच, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

पट्टा किती ओढू शकतो, याला मर्यादा मोटरची नसून पट्ट्याची असते. चपटा पट्टा पुलीला केवळ घर्षणाने धरून असतो. पुलीभोवती अर्धा वेढा असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.३ च्या आसपास असेल, तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या अडीच पटींपेक्षा थोडाच जास्त होऊ शकतो. त्यापलीकडे गेला की पट्टा सरकू लागतो. म्हणजे ताणलेल्या बाजूत १०० न्यूटन असतील तर सैल बाजूत किमान ३९ ठेवावेच लागतात, आणि कामाला येतात ते उरलेले ६१. पन्नास मिलिमीटर रुंद चामडी पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूवर आपण ५०० न्यूटनपर्यंत ताण सोसवून घेऊ असे धरले, तर कामाची ओढ मिळते ३०० न्यूटनच्या आसपास. स्पिंडलवरच्या सर्वांत मोठ्या पायरीची त्रिज्या २२५ च्या निम्मी, म्हणजे ११२.५ मिलिमीटर, त्यावर ३०० न्यूटनची ओढ जेमतेम ३४ न्यूटन-मीटर टॉर्क देते. फ्लँजला हवेत १३७. तेवढ्यासाठी पट्ट्याला सुमारे १२२० न्यूटन ओढावे लागले असते, म्हणजे झेपण्याच्या चौपट.

पट्टा अजून ताणला तर? अनुभवी टर्नर तसे करत नाही. ताण वाढवला की पकड वाढते हे खरे, पण तो सारा ताण दोन्ही शाफ्टांच्या बेअरिंगवर बसतो. साध्या बुशवर चालणाऱ्या जुन्या काउंटरशाफ्टचे बुश एका बाजूने झिजतात आणि पट्ट्याचा सांधा उकलतो. मग स्पिंडलवर अजून मोठी पुली बसवली तर? मोठ्या पुलीने टॉर्क वाढतो, हे आपण पाहिलेच. पण ३६० चे ४० फेरे करायला नऊपट व्यास हवा. काउंटरशाफ्टवर ७५ मिलिमीटरची पुली घेतली तरी स्पिंडलवर ६७५ मिलिमीटरची येते. ती हेडस्टॉकमध्ये मावत नाही. शिवाय दोन पुलींच्या व्यासांत जितका फरक जास्त आणि शाफ्टांमधले अंतर जितके कमी, तितका लहान पुलीभोवतीचा वेढा कमी होतो. मोटरवरच्या आपल्या ७५ आणि ३०० च्या जोडीत शाफ्ट अर्धा मीटर दूर असतील तर लहान पुलीला १५४ अंशांचा वेढा मिळतो. तेच अंतर ३०० मिलिमीटर केले तर १३६ अंशांवर येतो. वेढा घटला की पकड घटते, आणि ती घटते नेमकी लहान पुलीवर, जिथे पट्टा आधीच कमी जागेत धरलेला असतो.

मोटरवर व्ही-बेल्ट का असतो, हेही यातूनच कळते. व्ही-बेल्ट खाचेच्या तिरक्या भिंतींत पाचरीसारखा रुतून बसतो, आणि तेवढ्याच ताणात भिंतींवरचा दाब सुमारे तिप्पट होतो, म्हणून कमी वेढ्यातही तो धरून राहतो. त्याचे काम भिंतींवर चालते, खाचेच्या तळावर नाही. जुन्या पुलीच्या खाचेचा तळ चकाकताना दिसला, तर पट्टा किंवा खाच झिजून पट्टा तळाला टेकला आहे असे समजावे. त्या क्षणी तो पाचरीचे काम सोडून साधा चपटा पट्टा झालेला असतो, आणि कितीही ताणला तरी घसरतो.

तर पट्ट्याने जमत नाही ते काम दात करतात. लेथच्या बॅक गिअरची रचना अशी असते. कोन पुली स्पिंडलवर पक्की बसवलेली नसते. ती त्यावर मोकळी फिरू शकते. तिच्या एका टोकाला तिच्याशी जोडलेले लहान गिअर असते, आपल्या उदाहरणात ३० दातांचे. तिच्या दुसऱ्या टोकाशेजारी स्पिंडलवर चावीने पक्के बसवलेले मोठे गिअर असते, ज्याला बुल गिअर म्हणतात. त्याला ९० दात. पुली आणि बुल गिअर यांना एक खिळ जोडते. खिळ आत असली की पुली फिरते तसे स्पिंडल फिरते, आणि आपण आतापर्यंत पाहिलेले तीन वेग मिळतात. स्पिंडलच्या मागे एक समांतर शाफ्ट असतो, त्यावर ९० आणि ३० दातांची दोन गिअरे एकाच नळीवर जोडलेली असतात. हा शाफ्ट दोन्ही टोकांना विकेंद्री बुशमध्ये बसवलेला असल्याने दांडा फिरवला की तो पुढे सरकतो आणि त्याचे दात स्पिंडलच्या दातांत गुंततात.

आता खिळ काढून दांडा ओढला, तर गती अशी वाहते. पुली ३६० फेऱ्यांनी फिरते. तिचे ३० दात मागच्या ९० दातांना फिरवतात, म्हणून मागचा शाफ्ट १२० फेरे घेतो. त्यावरचे ३० दात बुल गिअरच्या ९० दातांना फिरवतात, म्हणून स्पिंडल ४० फेरे घेते. तीन गुणिले तीन, नऊ. टॉर्क याच पावलांनी उलट चढतो. स्पिंडलला १३७ न्यूटन-मीटर द्यायचे, तर मागच्या शाफ्टवर सुमारे ४६ लागतात आणि पुलीवर फक्त १५. मधल्या पायरीच्या ९० मिलिमीटर त्रिज्येवर हे १५ न्यूटन-मीटर द्यायला पट्ट्याला १७० न्यूटन ओढावे लागतात. त्याची क्षमता ३०० ची आहे. ज्या पट्ट्याला १२२० न्यूटन ओढणे अशक्य होते, तोच पट्टा आता तेच काम सहज करतो आहे.

तो १२२० न्यूटनचा जोर गेला कुठे? तो नाहीसा झालेला नाही. या गिअरचे मोड्यूल, म्हणजे मिलिमीटरमधला पिच व्यास भागिले दातांची संख्या, अडीच असेल, तर ९० दातांच्या बुल गिअरचा पिच व्यास २२५ मिलिमीटर येतो, म्हणजे पुलीच्या सर्वांत मोठ्या पायरीएवढाच. त्याच त्रिज्येवर तोच टॉर्क द्यायचा, म्हणून दातावर येणारा जोरही तोच, १२२० न्यूटन. फरक एवढाच, की पट्ट्याला तो घर्षणाने पेलायचा होता आणि दात त्याला छातीने भिडतो. दाताला घसरणे ठाऊक नाही. त्याची मर्यादा मोडण्याची आहे.

पहिल्या जोडीत हा जोर एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४०० न्यूटन असतो. म्हणून नीट रचलेल्या लेथमध्ये बुल गिअर आणि त्याला फिरवणारे ३० दातांचे गिअर यांची रुंदी पहिल्या जोडीपेक्षा जास्त ठेवलेली दिसते. कुठल्याही गिअरमाळेत वेग घटत जातो तसतशी चाके जाड होत जातात, ती याच हिशेबाने. झाकण काढून नुसते पाहिले तरी मोटरची बाजू कोणती आणि कामाची बाजू कोणती हे सहज ओळखता येते.

नऊपट घट एकाच जोडीत का केली नाही, असा प्रश्न इथे रास्त आहे. ३० दातांसमोर २७० दातांचे चाक लागले असते, आणि त्याच मोड्यूलमध्ये त्याचा व्यास ६७५ मिलिमीटर झाला असता. पुन्हा तीच न मावणारी पुली. दोन टप्प्यांत घट विभागली की गुणाकार होतो, पण आकार वाढत नाही. दुसरा फायदा असा, की गती स्पिंडलच्या अक्षावरून मागे जाऊन पुन्हा त्याच अक्षावर परत येते. त्यासाठी दोन्ही जोड्यांचे केंद्रांतर सारखे असावे लागते, आणि मोड्यूल एकच असेल तर दोन्ही जोड्यांच्या दातांची बेरीज सारखी ठेवावी लागते. इथे ती १२० आहे. तिसरी गोष्ट दिशेची: दातांच्या प्रत्येक जोडीने दिशा उलटते, आणि दोन जोड्यांनी ती पुन्हा सुलट होते, त्यामुळे बॅक गिअर टाकल्यावरही स्पिंडल पुलीच्याच दिशेने फिरते व टूल बदलून लावावे लागत नाही.

खिळ आणि दांडा यांच्याबाबत शिकाऊ मुलांना पहिल्या दिवसापासून ताकीद का देतात, तेही आता स्पष्ट होईल. खिळ आत ठेवून दांडा ओढला, तर खिळ सांगते की स्पिंडलने पुलीइतके फेरे घ्यावेत, आणि गिअर सांगतात की एक नवमांश घ्यावेत. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा वेग एकच आहे, तो म्हणजे शून्य. सारे हेडस्टॉक जागीच आवळले जाते. जॉब धरणारा चक उतरवायचा असताना स्पिंडल अडवून धरण्यासाठी काही जण मुद्दाम असे करतात आणि मग चकला लांब पहार लावून झटका देतात. तो सारा झटका बॅक गिअरच्या एखाद्या दातावर जातो. जुन्या लेथमध्ये तुटलेले दात दिसतात, त्यांतले पुष्कळसे कापताना नव्हे तर असेच तुटलेले असतात, असे माझे मत आहे.

या सगळ्या हिशेबात मी शक्तीची घट धरलेली नाही. गिअरच्या एका चांगल्या जोडीत दोन ते चार टक्के शक्ती जाते, पट्ट्यात साधारण पाच टक्के, आणि बेअरिंगमध्ये थोडी. सगळे मिळून मोटरपासून स्पिंडलपर्यंत पंधरा टक्क्यांच्या आसपास उष्णता होते असे धरावे. फेरे मात्र दातांमध्ये कधीच कमी होत नाहीत, कारण दात मोजूनच पुढे जातात. गिअरमधली घट सगळी टॉर्कमध्ये होते. पट्ट्यात टॉर्कही जातो आणि थोडे फेरेही जातात.

हा फरक दोष शोधायला फार उपयोगी पडतो. कट घेताना स्पिंडल मंदावते आहे असे वाटले, तर टॅकोमीटरने आधी मोटरचे आणि मग काउंटरशाफ्ट व कोन पुलीचे फेरे, भार नसताना आणि भारावर, असे मोजावेत. मोटर भारावर थोडी मंदावतेच, १४९० वरून १४४० वर येते. त्यात काही वावगे नाही. पण मोटर १४४० वर स्थिर असून काउंटरशाफ्ट ३६० ऐवजी ३२० दाखवत असेल, तर व्ही-बेल्ट घसरतो आहे. काउंटरशाफ्ट बरोबर असून कोन पुली मागे पडत असेल, तर दोष चपट्या पट्ट्याचा. कोन पुलीपासून स्पिंडलपर्यंत मात्र प्रमाण बरोबर नऊच यायला हवे. ते चुकले तर चावी किंवा नळीचा जोड सुटला आहे, दात घसरलेले नाहीत.

गिअरचा दोष फेऱ्यांत दिसत नाही, पण कानाला कळतो. एखाद्या दाताचा टवका उडाला असेल तर ते चाक फिरताना प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका पडतो, आणि ठोक्यांच्या लयीवरून चाक ओळखता येते. वरच्या उदाहरणात सेकंदाला सहा ठोके पडत असतील तर दोष कोन पुलीवरच्या ३० दातांच्या गिअरात आहे. सेकंदाला दोन पडत असतील तर मागच्या शाफ्टवरच्या दोन गिअरांपैकी एकात. आणि दीड सेकंदाला एक पडत असेल तर बुल गिअरात. झाकण उघडण्याआधीच एवढे कळते. इथे ३० आणि ९० या सोप्या आकड्यांची एक खोटही लक्षात येते. ९० ला ३० ने पूर्ण भाग जात असल्याने लहान चाकाचा प्रत्येक दात कायम मोठ्या चाकाच्या त्याच तीन दातांना भेटतो, आणि एका दाताची खोड त्या तिघांवर उमटत राहते. ३१ आणि ८९ अशी जोडी घेतली तर दातांची बेरीज तीच राहते, प्रमाण थोडे बदलते, पण प्रत्येक दात आळीपाळीने सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी वाटली जाते. जाणता रचनाकार म्हणूनच पूर्ण भाग जाणारे आकडे टाळतो.

पट्टा घसरतो, हा त्याचा दोष आपण बराच वेळ पाहिला. त्याचा एक गुणही सांगायला हवा. बॅक गिअरवर आपला पट्टा ३०० न्यूटन ओढ देऊन स्पिंडलला जास्तीत जास्त २४३ न्यूटन-मीटर देऊ शकतो. टूल जॉबमध्ये रुतले, तर टॉर्क या आकड्याला पोहोचताच पट्टा सरकतो, चक थांबते आणि दात वाचतात. पट्टा नसता तर मोटरने आपला पूर्ण जोर लावला असता. अशा मोटरी थोडा वेळ नेमलेल्या टॉर्कच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त टॉर्क देतात, आणि नऊपट व चौपट यांच्या गुणाकाराने तो दातांपर्यंत पोहोचला असता. म्हणून अशा लेथवर पट्ट्याला चिकट द्रव्य फासून त्याची घसरण पूर्ण बंद करणे मला योग्य वाटत नाही. फ्लँजसाठी लागणारा टॉर्क १३७ आणि सरकण्याची हद्द २४३, एवढे अंतर पुरेसे आहे.

अलीकडे अनेक वर्कशॉपमध्ये अशा लेथच्या मोटरला व्हीएफडी लावून घेतात, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचेच फेरे कमी-जास्त करता येतात. नॉब फिरवला की वेग बदलतो, म्हणून बॅक गिअरची आता गरज नाही, असा समज त्यातून पसरतो. तो का चुकीचा आहे, हे आपल्या आकड्यांवरून तपासता येते. पट्टा मधल्या पायरीवर ठेवून, बॅक गिअर न टाकता, स्पिंडलला ४० फेऱ्यांवर आणायचे तर मोटरला १६० फेऱ्यांवर आणावे लागेल, म्हणजे साधारण साडेपाच हर्ट्‌झवर. व्हीएफडी चांगला असेल तर मोटर तिथेही आपला १० न्यूटन-मीटर टॉर्क देते, पण त्याहून जास्त देत नाही. चौपट होऊन स्पिंडलपाशी ४० पोहोचतात, आणि फ्लँजला हवेत १३७. शक्तीच्या भाषेत सांगायचे, तर १६० फेऱ्यांवर ही मोटर दीड किलोवॅटची राहत नाही. ती फक्त १६७ वॅटची होते, आणि कामाला ५५० वॅट लागतात. व्हीएफडी फेरे कमी करतो, पण त्यांच्या बदल्यात टॉर्क देत नाही. तो व्यवहार केवळ वेगवेगळ्या त्रिज्यांच्या चाकांनीच होतो. शिवाय मोटरचा स्वतःचा पंखाही १६० फेऱ्यांवर जवळजवळ निकामी होतो, आणि पूर्ण करंट ओढणारी मोटर थंड व्हायला वाव राहत नाही.

व्हीएफडी बॅक गिअरच्या जोडीला वापरला तर मात्र तो उत्तम काम देतो. आपल्या लेथवर पायऱ्या आणि बॅक गिअर मिळून ६००, ३६०, २१६, ६७, ४० आणि २४ असे सहा वेग आहेत, आणि ६७ ते २१६ मध्ये मोठी दरी आहे. शंभर मिलिमीटरच्या जॉबला सुमारे ९५ फेरे हवेत. ते या दरीतच पडतात. बॅक गिअर टाकून, पट्टा ६७ फेऱ्यांच्या पायरीवर ठेवून मोटर ७० हर्ट्‌झच्या आसपास चालवली, तर ते फेरे मिळतात. पन्नास हर्ट्‌झच्या वर मोटरचा टॉर्क घटत जातो, पण स्पिंडलपाशी तो नऊपट होऊनच पोहोचत असल्याने शंभर मिलिमीटरच्या त्याच कटाला लागणारे ५५ न्यूटन-मीटर सहज मिळतात. एवढी फ्रिक्वेन्सी वाढवण्याआधी मोटरच्या आणि काउंटरशाफ्टच्या बेअरिंगना तो वेग सोसतो का, आणि जुन्या बिडाच्या पुली त्या वेगाला तोलात फिरतात का, हे पाहून घ्यावे.